मदत हवी आहे : लग्नानंतरचं नाव, नर्सिंग कौन्सिलची नोंद आणि जुनी प्रमाणपत्रं

मी सांगलीत स्टाफ नर्स आहे. लग्नानंतर वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्र हातात आहे; आधार आणि पॅन नव्या नावावर झालेत. दहावी, बारावी, जीएनएमची कागदपत्रं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र माहेरच्या नावावर आहे. शिक्षणाची प्रमाणपत्रं तशीच ठेवून सोबत राजपत्र जोडायचं, असं ठरवलंय.

अडचण स्पेलिंगची आहे. दहावीला वडिलांच्या नावात शेवटी ‘a’ आहे, नोंदणीत नाही. राजपत्रातलं जुनं नाव दहावीप्रमाणे छापलंय, म्हणजे ते नोंदणीशी जुळत नाही. सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीत हे अडेल अशी काळजी वाटते.

कौन्सिलकडे नाव बदलताना प्रतिज्ञापत्र चालतं, की आधी जुन्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त करून घ्यावं लागतं?