मनाई अर्जात 'वादी'च ठेवावा की 'अर्जदार' करावा?

नवी सनदवाली: दाव्यात वादी-प्रतिवादी लिहिलं आहे. सोबतच्या तूर्तातूर्त मनाईच्या अर्जात सीनियर सांगतात, अर्जदार-सामनेवाला कर. मला वाटतं एकदा ठरलेली नावं शेवटपर्यंत राहावीत. तुम्ही काय करता?

सीनियरांच्या बाजूने: सीनियर बरोबर आहेत. अर्ज ज्याने दिला तो अर्जदार. मागणी कोणाची हे न्यायाधीशांना पहिल्या ओळीत कळतं.

दिवाणीतली वीस वर्षं: पहिल्या अर्जापुरतं कळतं, पुढे अडतं. बांधाचा दावा घ्या. निशाणी 5 वर वादीचा मनाई अर्ज, त्यात "अर्जदाराचा ताबा आहे". चार महिन्यांनी प्रतिवादी क्र. 2 आपलं नाव कमी करायला अर्ज देतो, तो नि. 18. त्यातही "अर्जदाराचा ताबा आहे". एकाच फाइलमध्ये अर्जदार दोन, आणि दोघांचं म्हणणं नेमकं उलट. म्हणून शीर्षकाखाली मी फक्त 'अर्जदार (मूळ प्रतिवादी क्र. 2)' लिहिते, मजकुरात सगळीकडे प्रतिवादी क्र. 2. अपिलातही मूळ दाव्यातलाच दर्जा धरते.

कोर्टाबाहेरचा टायपिस्ट: मॅडमना दुजोरा. दाव्याची फाइल उघडून एका झटक्यात 'वादी'चं 'अर्जदार' केलं, की 'प्रतिवादी'चं 'प्रतिअर्जदार' होतं. 'वादीने'चं होतं 'अर्जदारने', खरं तर हवं 'अर्जदाराने'. असा शब्द दिसला की समजावं, मजकूर कोणी वाचलेला नाही. बदलायचंच असेल तर आधी प्रतिवादी बदला, मग वादी, आणि विभक्ती हाताने तपासा.

सीनियरांच्या बाजूने: मान्य, पण हा लेखनप्रमाद झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली कधीही दुरुस्त होतो.

दिवाणीतली वीस वर्षं: 152 न्यायालयाच्या निकाल, हुकूमनामा आणि आदेशातल्या चुकांसाठी आहे. आपल्या कैफियतीला ऑर्डर 6 रूल 17 चा अर्ज लागतो, आणि साक्षीपुरावा सुरू झाल्यावर 'आधी का दिसलं नाही' हे पटवावं लागतं. कैफियतीत "प्रतिवादीचा ताबा" लिहायच्या जागी "वादीचा ताबा" पडलं, तर समोरचे वकील त्याला कबुली म्हणणारच. तिथे मला खरंच भीती वाटते.

वाटपात अडकलेला: आमची आत्या प्रतिवादी क्र. 4 होती, वारली. वकिलांनी तिच्या मुलांना 7 आणि 8 केलं. आता जुन्या जबाबातला क्र. 4 कोण, हेच आम्हा भावंडांना कळत नाही.

दिवाणीतली वीस वर्षं: दादा, त्यांना 4अ, 4ब करायला हवं होतं. कोणाचं नाव कमी झालं तरी बाकीच्यांचे क्रमांक हलवायचे नसतात. तुमच्या वकिलांशी दुरुस्तीबद्दल बोला.

नवी सनदवाली: वादी तीन असतील आणि "वादींनी पैसे दिले" लिहिलं, तर ते तिघांनी दिले की एकाला आदराने म्हटलं?

टायपिस्ट: आमच्याकडे एकासाठी 'वादीने', तिघांसाठी 'वादी क्र. 1 ते 3 यांनी'.

सीनियरांच्या बाजूने: माझ्या वयस्कर पक्षकाराला 'वादीने' मी लिहिणार नाही. 'वादी क्र. 1 यांनी' लिहीन. आणि मनाई अर्जात अर्जदारच.