स्लाइडवर सगळं लिहिलं, मग कॅप्शनमध्ये काय लिहायचं?

बिडवाली
आम्ही इन्स्टाग्रामवरून बिडाचे तवे विकतो. दहा इंची तव्याची कॅरुसेल टाकली, सहा स्लाइड. पहिलीवर ‘बिडाच्या तव्याची 5 वैशिष्ट्ये’, पुढे ‘नैसर्गिक नॉनस्टिक’, ‘उष्णता धरून ठेवतो’, ‘इंडक्शनवर चालतो’, ‘रसायनमुक्त’, ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकतो’. कॅप्शनमध्ये हेच पाच मुद्दे एकेका वाक्यात. मैत्रीण म्हणते कॅप्शन वाया घालवलंस. भाऊ म्हणतो, कॅप्शन कोण वाचतंय? कोणाचं बरोबर?

गूळवाला
भावाचं. माणूस अंगठ्यानं स्लाइड सरकवत असतो, त्याची नजर तिथेच असते. कॅप्शनच्या दोन ओळी दिसतात आणि बाकीचं ‘मोअर’च्या मागे जातं. त्यावर दाबायला कोणाला वेळ आहे? मी गूळ विकतो. रसायन न घालता कसा करतो, ढेप किती किलोची, कशी साठवायची, सगळं स्लाइडवर. कॅप्शनमध्ये एकच ओळ, ‘ऑर्डरसाठी मेसेज करा’. माझं काही अडलेलं नाही.

लेखणीवाला
गूळवाले दादा, दोन ओळींचं तुमचं म्हणणं अगदी खरं. पण ‘मोअर’वर दाबणारे थोडे असले तरी ते कोण असतात ते बघा. ज्याला नुसतं बघायचंय तो स्लाइड बघून पुढे जातो. ज्याच्या मनात घ्यायचं आहे आणि एखादी शंका अडलीय, तो खाली उतरतो. कॅप्शन त्याच्यासाठी लिहायचं. तिथे त्याला स्लाइडवरचीच वाक्यं परत भेटली, तर शंका तशीच राहते.

बिडवाली ताई, एक काम करा. या पोस्टनंतर आलेले मेसेज उघडा आणि लोकांनी काय विचारलं ते जसंच्या तसं इथे लिहा. बाकीचं मग बोलू.

बिडवाली
बघितले. सगळ्यात जास्त वेळा ‘इंडक्शनवर चालेल ना?’ हाच प्रश्न. मला राग येतो, स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की! मग ‘डोसा चिकटतो का’, ‘वजन किती’, ‘घासायचा कसा’. एका काकूंनी विचारलं, ‘आमटीला चालेल का’.

लेखणीवाला
रागावू नका, यातच तुमचं उत्तर आहे. ‘चालतो’ हे वाचूनच ते विचारतायत. त्यांना विचारायचंय, ‘माझ्या शेगडीची काच फुटणार नाही ना?’ बीड जड, तळ खरखरीत. काचेवर ओढला की ओरखडा उठतो. शिवाय गार तवा एकदम पूर्ण आचेवर ठेवला तर मध्यभाग आधी तापतो, कडा गार राहतात, आणि बिडाला तो ताण सोसत नाही. म्हणजे ‘इंडक्शनवर चालतो’ हे स्लाइडचं वाक्य, आणि ‘ओढू नका, उचलून ठेवा, पहिली पाच मिनिटं कमी आचेवर’ हे कॅप्शनचं. एकच वैशिष्ट्य, पण स्लाइड सांगते काय होतं आणि कॅप्शन सांगतं कोणत्या अटीवर होतं. पहिलं वाक्य डोळ्यांनी पटतं, दुसरं शांतपणे वाचावं लागतं.

आता स्लाइडबद्दल. ‘नैसर्गिक नॉनस्टिक’ हे कोणताही तवेवाला लिहील. तुमच्याकडे फोटो आहे, तर तो बोलू दे. डोशाची कड आपोआप सुटलेली दिसते तो क्षण टिपा आणि वर लिहा, ‘मुरलेल्या तव्यावरून डोसा असा सुटतो’. ‘रसायनमुक्त’चंही तसंच. तुम्हाला म्हणायचंय की वरून कोटिंग दिलेलं नाही, म्हणून खरवडून निघायला काही नाही. मग लोखंडी कालथा तव्यावर टेकवलेला फोटो घ्या आणि लिहा, ‘कोटिंग नाही, लोखंडी कालथा बिनधास्त वापरा’. ‘उष्णता धरून ठेवतो’ऐवजी ‘गार पीठ ओतलं तरी तवा गार पडत नाही’. ज्यांच्या घरी पातळ तव्यावर तिसऱ्या डोशाला गॅस वाढवावा लागतो, त्यांना हे वाचताक्षणी कळेल. मात्र असा तवा तापायलाही वेळ घेतो. ते कॅप्शनमध्ये स्वतःहून सांगा.

नव्याने_संसार
मध्येच विचारते, माफ करा. मीही बिडाचा तवा घेतला होता, दुसऱ्या एका विक्रेत्याकडून. पहिल्याच दिवशी डोसा चिकटला म्हणून रात्रभर पाण्यात भिजत घातला. सकाळी तांबडा गंज! आता काय करू?

बिडवाली
तवा वाया गेलेला नाही. काथ्यानं किंवा तारेच्या घासणीनं गंज पूर्ण काढा, धुऊन लगेच गॅसवर कोरडा करा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, जास्तीचं कापडानं पुसून घ्या आणि धूर येईपर्यंत तापवा. गार झाला की परत तेच, तीन-चार वेळा. तेल जास्त झालं तर थर चिकट होतो. पण एक सांगा, त्यांनी भिजवू नका असं कुठे लिहिलं नव्हतं का?

नव्याने_संसार
लिहिलं होतं म्हणे, कॅप्शनमध्ये. मी ती पोस्ट कधी बघितलीच नाही. नणंदेनं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन स्लाइडचे स्क्रीनशॉट टाकले होते, ‘नैसर्गिक नॉनस्टिक’ आणि खाली नंबर. त्यावरून फोन करून मागवला.

रेषा_आणि_रंग
हेच मला केव्हाचं सांगायचं होतं. मी स्लाइड डिझाइन करते. स्लाइड एकटी फिरते. स्क्रीनशॉट होऊन जाते, स्टोरीत जाते, आणि कॅप्शन मागे राहतं. त्यामुळे ‘अटी कॅप्शनमध्ये’ हा लेखणीवाल्यांचा नियम मला मान्य नाही. ‘नॉनस्टिक’ एका जागी आणि ‘भिजवू नका’ दुसऱ्या जागी, याचा परिणाम वर दिसतोच आहे. माझ्या मते प्रत्येक स्लाइडनं आपली अट स्वतःसोबत न्यावी, बारीक अक्षरात का होईना.

गूळवाला
म्हणजे माझंच बरोबर ठरलं की. सगळं स्लाइडवर.

लेखणीवाला
रेषाताई, तुमचा मुद्दा मी धरून चालायला हवा होता. माझा नियम दुरुस्त करतो. जी गोष्ट वाचली नाही तर तवा खराब होईल किंवा माणसाला इजा होईल, ती स्लाइडवर. जी वाचली नाही तर फार तर एक जास्तीचा मेसेज येईल, ती कॅप्शनमध्ये. भिजवणं पहिल्यात येतं. चिंच, कोकम, टोमॅटो शिजवणंही पहिल्यात, कारण आंबटानं मुरलेला थर सुटतो. म्हणजे त्या काकूंच्या आमटीचं उत्तर स्लाइडवर हवं.

पण गूळवाले दादा, याचा अर्थ सगळंच स्लाइडवर असा होत नाही. एका स्लाइडवर चार वाक्यं कोंबली की अक्षर बारीक होतं, आणि देवनागरीत मात्रा-वेलांट्यांना वरखाली जागा लागते. फोनवर ते गिचमिड दिसतं आणि माणूस न वाचताच सरकवतो. दुसरं, स्लाइडवर किंमत छापली आणि पुढच्या महिन्यात बिडाचा भाव चढला, तर पोस्ट टाकल्यावर स्लाइडवरचं अक्षर बदलता येत नाही. कॅप्शन केव्हाही बदलता येतं. म्हणून किंमत, पोचवण्याचे दिवस, सध्या कोणते आकार शिल्लक आहेत, हे नेहमी कॅप्शनमध्ये.

रेषा_आणि_रंग
किमतीचं पटलं. आणखी एक, पहिली स्लाइड बघून कोणी न सरकवता पुढे गेलं, तर इन्स्टाग्राम बरेचदा तीच पोस्ट पुन्हा समोर आणतं आणि त्या वेळी पुढची स्लाइड दाखवतं. म्हणजे दुसरी स्लाइडही दारासारखीच असायला हवी. ‘5 वैशिष्ट्ये’वर तर पहिली स्लाइड वाया घालवूच नका.

श्रवण
दोन्ही बाजू वाचल्या. माझा भाऊ फोन ऐकून वापरतो, त्याला दिसत नाही. स्लाइडवरची अक्षरं म्हणजे फोनच्या लेखी एक चित्र. तिथे तो नुसतं ‘फोटो’ ऐकतो आणि पुढे कॅप्शन ऐकतो. बिडवाली ताईंचं मूळ कॅप्शन, ज्याला सगळे वाया गेलेलं म्हणतायत, त्यातून त्याला तव्याबद्दल निदान पाच गोष्टी कळल्या असत्या. नव्या पद्धतीत त्याला अटी कळतील, पण तवा कशाचा ते कळणार नाही.

लेखणीवाला
याचा मी विचारच केला नव्हता. पोस्ट टाकताना प्रत्येक फोटोसाठी ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोन वाचून दाखवतो ते फोटोचं वर्णन, लिहायची सोय आहे. स्लाइडवरचं वाक्य आणि फोटोत काय दिसतं, दोन्ही तिथे लिहावं. मग कॅप्शनवर तो भार येत नाही.

श्रवण
सोय आहे, पण लिहितं कोण? भाऊ म्हणतो, शंभरात एखादा. तोपर्यंत थोडी पुनरुक्ती झाली तरी चालेल, असं माझं मत.

बिडवाली
रात्री बसून नव्यानं लिहिलं. स्लाइड: (1) डोशाची कड सुटतानाचा फोटो, ‘मुरलेल्या तव्यावरून डोसा असा सुटतो’. (2) ‘गार पीठ ओतलं तरी तवा गार पडत नाही’. (3) लोखंडी कालथा, ‘कोटिंग नाही, कालथा बिनधास्त वापरा’. (4) ‘गॅस आणि इंडक्शन, दोन्हीवर. काचेवर ओढू नका’. (5) ‘भिजवू नका. आंबट शिजवू नका’. अक्षर सगळीकडे तेवढंच मोठं. ‘पिढ्यान्‌पिढ्या’ काढून टाकलं. आमचा व्यवसायच चार वर्षांचा, ते मी कशाच्या जोरावर लिहू?

कॅप्शन:

‘पहिले तीन डोसे चिकटले तर घाबरू नका, तुमचा बिडाचा तवा बिघडलेला नाही.

तेलाचा थर तापून तव्यावर पक्का बसतो आणि प्रत्येक वापरात वाढतो. सुरुवातीचा आठवडा तेल जरा सढळ हातानं घ्या. डोसा, घावन, थालीपीठ यांना हा तवा उत्तम, आमटी-रश्शासाठी वेगळं भांडं वापरा.

तापायला पातळ तव्यापेक्षा वेळ लागतो. इंडक्शनवर पहिली पाच मिनिटं कमी आच ठेवा.

वजन 2 किलो 100 ग्रॅम. मनगट दुखत असेल तर आठ इंची घ्या, तो हलका आहे.

किंमत आणि शिल्लक आकार पहिल्या कमेंटमध्ये. तुमच्याकडे गॅस आहे की इंडक्शन, तेवढं लिहून मेसेज करा.’

लेखणीवाला
पहिली ओळ फार चांगली. ‘मोअर’च्या आधी तेवढीच दिसेल, आणि ज्याचा डोसा चिकटलाय तो थांबेलच. तिच्यात ‘बिडाचा तवा’ आला हेही बरं झालं, शोधणाऱ्याला तोच शब्द लागतो. किंमत मात्र कमेंटमधून कॅप्शनमध्ये आणा. कमेंट वाढल्या की ती खाली जाते.

रेषा_आणि_रंग
मला अजूनही पहिली ओळ खटकते. वर डोसा सुटतोय आणि खाली ‘चिकटले तर घाबरू नका’. नव्या माणसाला वाटेल, फोटो खोटा आहे. मी ती ओळ तिसऱ्या परिच्छेदात नेली असती आणि सुरुवात थालीपिठापासून केली असती.

नव्याने_संसार
मला ही ओळ पहिल्या दिवशी दिसली असती, तर मी तवा भिजवला नसता.

बिडवाली
पहिली ओळ राहू देते. किंमत वर आणली. श्रवणदादा, पाचही फोटोंना ऑल्ट टेक्स्ट लिहिलंय. तुमच्या भावाला एकदा ऐकवाल का? कुठे अडखळलं ते सांगा, मग पोस्ट टाकते.