मदत हवी आहे: विहिरीचा पंप सारखा चालू-बंद, कटइन-कटआउट किती ठेवू?

बादली: एक नळ उघडा ठेवला की पंप चालू होतो, अर्ध्या मिनिटात बंद, परत चालू. प्रेशर स्विचचा मोठा नट फिरवला, काही उपयोग नाही. पंप किती दाबाला लागावा आणि किती दाबाला बंद व्हावा, नेमके आकडे सांगा, मोटर जळायच्या आधी.

तात्या_फिटर: लहान नट आवळा. मोठ्याने दोन्ही आकडे एकत्र सरकतात, लहान नटाने फक्त कटआउट वर जातो. मी असंच भागवलं.

निळीविहीर: थांबा! टाकी किती लिटरची? सध्याचे आकडे काय? टाकीत हवा किती? नळ बंद असतानाही पंप लागतो का?

बादली: १०० लिटर, रबरी पिशवीची. ३०-५० पीएसआय. नळ बंद असताना गप्प असतो. हवा ५० आहे, म्हणजे भरपूर.

सुमन_क: आमचा रात्री आपोआप लागायचा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत होता, तो बदला.

निळीविहीर: सुमनताई, यांचा रात्री लागत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर संशय नाही.
बादली, ५० हा पाण्याचा दाब मोजलात. पंपाची वीज तोडा, नळ उघडून टाकी पूर्ण रिकामी करा, मग हवेच्या व्हॉल्व्हवर गेज लावा. कटइनपेक्षा २ कमी, म्हणजे २८ हवेत. व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर पिशवी फाटली, मग कुठलेच आकडे कामाचे नाहीत.

गच्चीवाला: गच्चीवर टाकी बांधा, फ्लोट लावा, प्रेशरची भानगडच नको.

तात्या_फिटर: विचारलंय काय, सांगताय काय!

बादली: पाणी नाही आलं. रिकाम्या टाकीत हवा ९ निघाली. पंप मिनिटाला साधारण ४० लिटर देतो.

निळीविहीर: सापडलं. ९ वर ३० ते ५० दरम्यान टाकीत जेमतेम १६ लिटर मावतं, २८ वर साधारण २९. सायकलच्या पंपाने २८ भरा, मगच पंप सुरू करा. २८ चे ३२ मात्र करू नका. हवा कटइनच्या वर गेली की पंप लागण्याआधीच टाकी संपते आणि नळाला झटका बसतो.

तात्या_फिटर: तरी २९ लिटर म्हणजे पंप पाऊण मिनिटच चालणार. ३०-६० केलं की ३८ मिळतात. नट आवळायला का नको?

निळीविहीर: हवा भरल्यावर चालेल, आधी नाही. आणि पंपाला ६० गाठता आले पाहिजेत; गाठता आले नाहीत तर तो बंदच होणार नाही. टाकी आणि पाइप तेवढ्या दाबाचे आहेत का, तेही बघा. मी ५० वरच राहून मोठी टाकी घेईन.

बादली: २८ भरली, आता पंप बराच जास्त वेळ चालतो. पण हवा एवढी उतरली कशी?

निळीविहीर: हवेच्या व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिन बदला. नाही आले तर महिन्याने टाकी रिकामी करून परत मोजा.