मदत हवी आहे: जुन्या कृष्णधवल फोटोंवरची चंदेरी चकाकी स्कॅनमध्ये पांढुरकी उतरते

अल्बमवाली:
घरच्या अल्बममध्ये १९४०-५०च्या सुमाराचे, पोस्टकार्ड आकाराचे स्टुडिओत काढलेले फोटो आहेत. कडांना आणि काळ्या कोटांवर आरशासारखी निळसर चकाकी आली आहे. हातात धरून तिरपे केले की कोटाची बटणंसुद्धा दिसतात, पण फ्लॅटबेडवर ६०० डीपीआयला स्कॅन केलं की तिथे राखाडी धुकं येतं. लेव्हल्स ओढून काळा गडद केला तर चेहरा बिघडतो. स्कॅनरच्या काचेवर पोलरायझर फिल्म ठेवून काही होईल का?

जुनीछपाई:
फोटो कापसाने हलक्या हाताने पुसून पाहा. चकाकी वरच्या थरातच असते, निघते.

रौप्यकण:
चकाकी वरच्या थरात असते हे बरोबर, पण ती मळ नाही. फोटोतल्याच चांदीचं दमट हवेत आणि प्रदूषणाने ऑक्सिडीकरण होतं, तिचे आयन जिलेटिनमधून वर सरकतात आणि पृष्ठभागाशी पुन्हा चांदी किंवा सिल्व्हर सल्फाइड होऊन बसतात. म्हणून जिथे चांदी जास्त, म्हणजे काळ्या भागात, आणि जिथे हवा लागते, म्हणजे कडांना, ती आधी दिसते. पुसाल तर चित्राचीच चांदी जाईल, जिलेटिनवर ओरखडे पडतील ते वेगळेच. हात लावू नका.

अल्बमवाली, स्कॅनरवर फिल्म ठेवून उपयोग नाही. प्रकाश ज्या फिल्ममधून खाली जातो तिच्यातूनच परत येतो, त्यामुळे चकाकी अडत नाही. ती अडवायला दिव्यावरची आणि लेन्सवरची फिल्म एकमेकींना काटकोनात हवी, आणि हे कॅमेऱ्यानेच जमतं.

फोटो टेबलावर सपाट ठेवा, कॅमेरा बरोबर वरून. दोन्ही बाजूंना ४५ अंशात एकेक एलईडी दिवा आणि दोन्हींसमोर लिनियर पोलरायझर फिल्म, दोन्हींचा अक्ष एकाच दिशेला. हॅलोजन नको, उष्णतेने फिल्म वितळते. लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर लावा. फोटोशेजारी स्टीलचा चमचा ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये फिल्टर हळूहळू फिरवा. चमच्यातलं दिव्याचं प्रतिबिंब जवळजवळ काळं झालं की थांबा. एका दिव्याचं गेलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर त्या दुसऱ्याची फिल्म आडवी लागली आहे. मग चमचा काढा.

साधारण तीन स्टॉप प्रकाश जातो. आयएसओ १००, एफ ८ ठेवून शटर लांबवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. व्हाइट बॅलन्स फिल्टर लावल्यावरच ग्रे कार्डावर घ्या, कारण फिल्म थोडा रंग चढवते. खोलीतले बाकीचे दिवे बंद हवेत. खिडकीचा प्रकाश पोलराइज झालेला नसतो, तेवढी चकाकी परत येते.

फिल्टरप्रेमी:
एवढा खटाटोप कशाला? तलावाच्या पाण्यावरची चकाकी नुसत्या लेन्सवरच्या फिल्टरने जाते, तशी ही जाईल.

रौप्यकण:
पाणी आणि काच तिरप्या कोनात प्रकाश पोलराइज करतात, म्हणून तिथे एक फिल्टर पुरतो. धातू तसं फारसं करत नाही, आणि ही चकाकी धातूची आहे. दिव्यावरची फिल्म नसेल तर फिल्टर फिरवून फोटो नुसता काळोखा होईल.

कोकणचापाऊस:
माझ्याकडे काचेच्या निगेटिव्ह आहेत, त्यांवरही कडांना अशीच चकाकी आहे. त्यांनाही हेच?

रौप्यकण:
निगेटिव्हमागून प्रकाश जातो, त्यामुळे समोरचा प्रकाश बंद ठेवला की परावर्तनाचा त्रास जवळजवळ उरत नाही. पण तो थर कडांना घनता वाढवतो, तो डाग मात्र राहील.

अल्बमवाली:
आभार. काही फोटो वळले आहेत. वर ॲक्रिलिकची पट्टी ठेवून सपाट करू?

रौप्यकण:
ॲक्रिलिकमध्ये ताण असतो, तो या जोडणीत इंद्रधनुषी पट्टे दाखवतो. काच वापरा, तिची स्वतःची चकाकीही जाते. मात्र पावसाळ्यात जिलेटिन फुगून काचेला चिकटतं, म्हणून कोरड्या दिवशी आणि फक्त शॉटपुरती ठेवा. फोटो कडक झाला असेल तर दाबू नका, जिलेटिनला भेगा जातील. वळलेलाच घ्या आणि एफ ११ करा.

जुनीछपाई:
पुसण्याचा सल्ला मागे घेतो. पण या पद्धतीत काळा जरा जास्तच गडद येतो. मूळ फोटो तसा दिसतच नसतो.

रौप्यकण:
खरं आहे, कागदाची नैसर्गिक झाकही थोडी जाते. म्हणून फिल्टर ९० अंश फिरवून दुसरा शॉटही ठेवते: पहिल्यात तपशील, दुसऱ्यात फोटोची आजची अवस्था. कोणता 'मूळ' मानायचा यावर माझं मत पक्कं नाही.

अल्बमवाली:
आणि कॅमेरा मिळेपर्यंत? आत्ता फक्त स्कॅनर आहे.

रौप्यकण:
४८ बिट रंगीत स्कॅन करा, ग्रेस्केल नाही. धुकं निळसर असल्याने लाल चॅनेलमध्ये ते बहुधा कमी दिसतं. तिन्ही चॅनेल शेजारी ठेवून कोट पाहा. फोटो ९० अंश फिरवूनही एक स्कॅन घ्या, प्रकाशाची दिशा बदलली की वळलेल्या कडेचं धुकं कमी होऊ शकतं.