‘कलर ब्लीड’ला मराठीत काय म्हणायचं? आणि ट्रॅकिंग गेलं तर?

निळा_पडदा
मंडळी, एक अडचण आहे. आमच्या लघुपटात १९९३ सालच्या लग्नाची कॅसेट म्हणून दोन मिनिटांचा प्रसंग येतो. शूट मोबाईलवर केलंय, एकदम चकाचक, आता त्याला घासलेल्या व्हीएचएसचं रूप द्यायचंय. एडिट करणारा मुलगा दुसऱ्या गावी असतो म्हणून काय काय करायचं ते मी मराठीत लिहून पाठवतोय. “शालूचा रंगस्राव वाढव” असं लिहिलं तर त्याने विचारलं, डॉक्टरकडे नेऊ का? ट्रॅकिंगसाठी “मागोवा-बिघाड” लिहिलं त्याला तर उत्तरच नाही आलं. बरे शब्द सुचवा.

दुपारचा_चहा
रंग फुटणे. आमचा कॅसेट लायब्ररीवाला हेच म्हणायचा, “कॉपीची कॉपी आहे, रंग फुटणार, नंतर तक्रार नको.”

शब्दवेल्हाळ
फुटते ती पालवी. रंग फुटला म्हणजे मला पहाट डोळ्यासमोर येते. ‘पाझरणे’ घ्या ना, प्राकृतातला पज्झर तो हाच, इतका जुना शब्द घरात असताना ब्लीडचं शब्दशः रक्त कशाला काढायचं?

हेडवाला_काका
वेल्हाळराव, पाझरतं ते खाली. इथे रंग आडवा जातो, बहुतेक वेळा उजवीकडे. मी वीस-बावीस वर्षं व्हीसीआर दुरुस्त केलेत, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. शालूची कड बघा, आकृती जिथे संपते तिथे काळं-पांढरं चित्र बऱ्यापैकी थांबतं पण लाल रंग थांबत नाही, तो शेजारी उभ्या असलेल्या मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर जातो. कारण टेपवर रंगाला जागाच कमी दिलेली. उजेडाच्या सिग्नलला साधारण ३ मेगाहर्ट्झ, आणि रंग ६२७ किलोहर्ट्झवर उतरवून खालच्या कोपऱ्यात बसवलेला, त्याच्या वाट्याला अर्धा मेगाहर्ट्झसुद्धा धड नाही. त्यामुळे रंगाला पटकन बदलताच येत नाही, लालवरून पांढऱ्यावर यायला त्याला वेळ लागतो.

रेट्रो_राणी
काका, पण टेप जुनी होते तसा रंग टेपवर पसरत जातो ना? म्हणून तर जुन्या कॅसेटमध्ये जास्त दिसतं.

हेडवाला_काका
नाही ताई, नव्या कोऱ्या कॅसेटवर पहिल्या दिवशीही कड अशीच सुटायची. वयामुळे येतात ते पांढरे ओरखडे, टेपवरची पावडर झडली की तेवढ्या जागी सिग्नल नाही, मग एका ओळीत झर्रकन पांढरी रेघ. कॉपीने मात्र रंग खरंच वाढतो, दर कॉपीला पुन्हा तीच चाळण. आणि आपल्याकडच्या पाल मशीनमध्ये कॉपीमागे रंग थोडा खालीही सरकायचा, तिसऱ्या-चौथ्या कॉपीत ओठांचा लाल हनुवटीवर. तेवढ्यापुरतं पाझरणे चालेल.

शब्दवेल्हाळ
धन्यवाद, तेवढ्यापुरतं तर तेवढ्यापुरतं.

सांगलीची_सून
सासूबाईंना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या “रंग लागलाय”, साडीचा लागतो तसा. बरं आमच्या लग्नाच्या कॅसेटला आत पांढरं पांढरं काहीतरी आलंय आणि मागे एकदा लावली तेव्हा नुसत्या मुंग्या, ह्या मुंग्या काढून देणारं सॉफ्टवेअर कुठलं?

दुपारचा_चहा
वहिनी, इथे मुंग्या घालायचं चाललंय, काढायचं नाही 😀

मध्यरात्र_रेंडर
शब्द तुम्ही ठरवा, मी कमांड देतो, पोराला हीच पाठव.

```
ffmpeg -i lagna.mp4 -vf "crop=ih*4/3:ih,scale=720:576,setdar=4/3,format=yuv444p,noise=c0s=18:c0f=t,gblur=sigma=1:sigmaV=0.1:planes=1,gblur=sigma=7:sigmaV=0.1:planes=6,chromashift=cbh=4:crh=4" -pix_fmt yuv420p juni.mp4
```

यात क्रम महत्त्वाचा. आधी मुंग्या, मग आडवं ब्लर. बहुतेक जण सगळं झाल्यावर वरून नॉइज भुरभुरतात, मग दाणे सुटे आणि गोल राहतात आणि डोळ्याला लगेच कळतं की हे वरून टाकलंय. टेपच्या मुंग्या आडव्या ताणलेल्या असतात. दुसरं ब्लर फक्त रंगाच्या दोन प्लेनवर आहे, शेवटी रंग चार पिक्सेल सरकवलाय, उजवीकडे गेला नाही तर चिन्ह बदल. c0f=t विसरू नको, नाहीतर मुंग्या काचेवर चिकटल्यासारख्या जागच्या जागी राहतात. कड बघायची तर मामाचा सदरा ३०० टक्के मोठा करून बघ, सदऱ्याच्या घड्या दिसल्या पाहिजेत आणि त्यांवर लाल आला पाहिजे. घड्याही गेल्या असतील तर planes चुकलाय, सगळंच चित्र ब्लर झालंय.

निळा_पडदा
भारी, करून बघतो. आणि ट्रॅकिंग?

हेडवाला_काका
ट्रॅकिंग हे दोषाचं नाव नाही, ते जुळवणं आहे. टेपच्या खालच्या कडेला ठोके नोंदलेले असतात, त्यावरून मशीनला कळतं की हेडने कुठल्या तिरक्या पट्टीवर चालायचं. ते जुळलं नाही की हेड अर्धं शेजारच्या पट्टीवर जातं आणि चित्रात मुंग्यांचा एक आडवा पट्टा येतो, कधी हळूहळू वर चढतो. आम्ही म्हणायचो “पट्टा आलाय, बटण फिरवा”. बाकीचं चित्र त्या वेळी ठीकच असतं. हल्लीच्या इफेक्टमध्ये अख्खं चित्र थरथरवतात ते बघून हसू येतं. वरच्या बाजूला चित्र वाकतं तो वेगळा दोष, तो टेपच्या ताणाचा.

रेट्रो_राणी
आणि अगदी तळाला वाकडीतिकडी मुंग्यांची पट्टी असते ना, ती टाकाच. त्याशिवाय व्हीएचएस वाटतच नाही.

हेडवाला_काका
ती दर फील्डला एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना पडते. असते खरी, पण डब्बा टीव्हीवर ती दिसायचीच नाही, टीव्ही चित्राच्या कडा चौकटीबाहेर कापायचा. कॉम्प्युटरवर कॅसेट उतरवायला लागले तेव्हा लोकांना ती पहिल्यांदा दिसली. १९९३ साली घरात बसून कोणी पाहिलेली नाही.

रेट्रो_राणी
पण काका आज बघणाऱ्याने तर व्हीएचएस यूट्यूबवरच पाहिलंय, त्याच्यासाठी तीच खूण. खरं काय होतं यापेक्षा लोकांना काय वाटतं तेही बघायचं ना.

दुपारचा_चहा
हाच वाद शब्दांनाही लागू आहे बरं का 😀

मध्यरात्र_रेंडर
सिनेमात पात्रं टीव्हीवर बघतायत का लॅपटॉपवर उतरवलेली फाइल बघतायत त्यावर ठरव. टीव्ही असेल तर पट्टी नको. आणि त्याहून मोठी गोष्ट, शूट किती फ्रेमवर केलंस? पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड, हालचाल एकदम गुळगुळीत असते, अक्षता उडताना दिसतात तशी. २५वर केलेलं असेल तर वर कितीही मुंग्या सोड, ते सिनेमाला रंग लावल्यासारखंच दिसणार.

निळा_पडदा
२५ 😐 कॅमेरावाला म्हणाला सिनेमॅटिक दिसतं.

मध्यरात्र_रेंडर
मग निदान अक्षता आणि वरात परत घे ५०वर, बसलेल्या माणसांचं चालून जाईल. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवायला जाऊ नकोस, उडत्या अक्षतांचा लगदा होतो.

शब्दवेल्हाळ
एक विचारू? ‘मुंग्या’ सगळीकडे म्हणतात का? आमच्या आजोळी टीव्हीवर “पाऊस पडतोय” म्हणायचे. मुंग्या म्हणजे पाय बधिर होतो त्यातल्या, असं माझं मत.

दुपारचा_चहा
छे, वारुळ फुटल्यासारखं दिसतं म्हणून मुंग्या. पाऊस उभा पडतो.

शब्दवेल्हाळ
कोकणात येऊन बघा, आडवाही पडतो.

सांगलीची_सून
माझं राहिलंच. ते पांढरं काय असेल?

हेडवाला_काका
बुरशी आहे ती. वहिनी, ती कॅसेट आता कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, हेडला लागते आणि मग त्या मशीनमध्ये घातलेल्या पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी टेप उघडून साफ करून घ्यावी लागेल. सॉफ्टवेअर त्यानंतर.