जांभ्याच्या घरातील फोरजी राउटर: जागा बदलावी की अँटेना घ्यावा?

चिरेबंदी: रत्नागिरीजवळ आमचे जांभ्याचे घर आहे. सिमकार्डाचा राउटर टीव्हीशेजारी ठेवला आहे. सकाळी चित्रपट नीट चालतो, रात्री नऊनंतर मात्र सारखा अडकतो. बाहेरचा अँटेना घ्यावा का?

सडेकर: अवश्य घ्यावा. जाड चिऱ्यांतून लहरी क्षीण होऊनच आत येतात. टॉवरच्या दिशेने छपरावर अँटेना लावला की दांड्या भरतील, आणि दांड्या भरल्या की वेगही येईल.

लहरी: भिंतीबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, दांड्यांबद्दलचे नाही. सिग्नल किती जोरात येतो एवढेच बहुधा त्या दाखवतात, तो किती स्वच्छ आहे हे दाखवत नाहीत. राउटरखालच्या चिकटपट्टीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला, तर बऱ्याच राउटरांत जोर सांगणारा RSRP आणि स्वच्छता सांगणारा SINR हे दोन आकडे दिसतात. समजा टीव्हीशेजारी ते उणे 106 आणि 4 आहेत, माडीच्या खिडकीत उणे 94 आणि 8, तर मागच्या पडवीत उणे 97 आणि 16. अशा वेळी मी पडवी निवडेन, कारण माडीवर जोर अधिक असला तरी दुसऱ्या टॉवरचा गोंगाटही पोहोचतो, आणि पडवीत तो घराच्याच भिंतीने अडतो. प्रत्येक जागी राउटर थोडा थोडा फिरवून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच आकडे टिपावेत.

पेठेतली: आमच्या पुण्याच्या घरी टीव्ही आतल्या खोलीत होता, वायफाय रिपीटर लावल्यावर अडकणे थांबले. इथेही तोच उपाय करावा.

लहरी: आपली अडचण राउटर ते टीव्ही या टप्प्यातली होती. इथे सकाळी त्याच जागेवरून चित्रपट नीट चालतो, म्हणजे तो टप्पा बहुधा ठीक आहे. राउटर पडवीत नेल्यावर मात्र मधल्या चिऱ्यांमुळे वायफाय दुबळे होईल, तेव्हा रिपीटरऐवजी टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढणे मला अधिक खात्रीचे वाटते.

खरा प्रश्न रात्रीचा आहे. सकाळी आणि रात्री तेच दोन आकडे पाहावेत आणि वेगही मोजावा. आकडे तसेच राहून वेग कोसळत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे आणि अँटेना ती हटवू शकत नाही. फुल एचडीला सेकंदाला सुमारे 5 मेगाबिट पुरतात. तेवढेही मिळत नसतील, तर त्या भागात दुसऱ्या कंपनीचे सिम रात्रीच्या वेळी वापरून पाहावे.

सडेकर: हे पूर्ण मान्य नाही. सिग्नल स्वच्छ असेल तर गर्दीतही आपल्या वाट्याला आलेल्या तेवढ्याच वेळात टॉवर अधिक माहिती पाठवतो. मग अँटेना निरुपयोगी कसा?

लहरी: निरुपयोगी नाही, SINR 4 वरून 16 वर जात असेल तर फरक नक्की पडेल. पण तो फरक पडवीत फुकट मिळत असताना आधी खर्च करू नये. शिवाय अँटेनासाठी राउटरला मागे दोन सॉकेट हवेत, आणि लांब, बारीक केबलमध्ये कमावलेला जोर पुन्हा गळतो.

सडेकर: पावसाळ्यात पडवीत झड येते. तिथे राउटर चार महिने कसा टिकेल, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

चिरेबंदी: आमची पडवी दक्षिणेला आहे आणि झड तिथेच अधिक येते. आज रात्री दोन्ही जागांचे आकडे टिपून इथे देतो.