मदत हवी आहे: कारखान्याची पर्यावरण मंजुरी आणि प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं कुठे सापडतील?

बांधावरची
आमच्या शिवाराला लागून रसायनांचा एक कारखाना आहे. त्यांना पर्यावरण मंजुरी म्हणजे ईसी आहे का, मंडळाची संमती कधीपर्यंत आहे आणि किती उत्पादनाला आहे, एवढंच बघायचंय. मंजुरीचे प्रस्ताव असतात त्या केंद्राच्या परिवेश पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं तर एकही प्रस्ताव येत नाही, मंडळाच्या साइटवरही तेच. म्हणजे परवानग्या नाहीतच असं धरायचं का? सोमवारी ग्रामसभा आहे, त्याआधी कागद हातात हवेत. माहितगारांनी कृपया लवकर सांगा.

रोखठोक
रसायनांच्या कारखान्याला ईसी लागतेच. साइटवर नाही म्हणजे घेतलेली नाही. ग्रामसभेची वाट कशाला बघता? हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, सरळ तिकडे अर्ज करा.

फाइलवाचक
रोखठोक, इतकी घाई नको. ईसी सक्तीची करणाऱ्या 1994 च्या अधिसूचनेआधी उभ्या राहिलेल्या कारखान्याला तेव्हा ईसी लागतच नव्हती. नंतर विस्तार केला किंवा उत्पादन बदललं तर प्रश्न येतो. संमतीची गोष्ट वेगळी. पाणी कायदा 1974 चा आणि हवा कायदा 1981 चा, त्यामुळे जुन्या कारखान्यालाही ती हवीच.

बांधावरची ताई, आधी हे सांगा: कुठलं राज्य? एमआयडीसीत आहे की बाहेर? कधीचा कारखाना आणि काय बनवतो? मधे मालक किंवा नाव बदललं का?

पावडरकोटिंगवाला
ताई, संमतीसाठी मंडळाच्या पोर्टलवर खातं उघडा, आधी उभारणीची संमती म्हणजे कंसेंट टू एस्टॅब्लिश आणि मग चालवण्याची, म्हणजे कंसेंट टू ऑपरेटचा अर्ज. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यासाठी सीएचा दाखला लागतो. माझं युनिट मंडळाने प्रदूषणाच्या ऑरेंज वर्गात टाकलंय, ते कमी प्रदूषणाच्या ग्रीनमध्ये यायला हवं होतं. कोणी बदलून घेतलंय का?

बांधावरची
दादा, मला संमती काढायची नाही, दुसऱ्याची बघायची आहे.
फाइलवाचक, महाराष्ट्र, एमआयडीसीच्या हद्दीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. डाय इंटरमिजिएट, म्हणजे रंगांसाठी लागणारी रसायनं बनवतात. अलीकडे दुसऱ्या कंपनीने घेतला, गेटवर नवीन पाटी लागली. आमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर पिवळट येतं, म्हणून हे सगळं.

फाइलवाचक
मग अडचण मालक बदलण्यातच आहे. ईसी आणि संमती त्या वेळच्या मालकाच्या नावाने निघतात. नावबदलाचा किंवा हस्तांतराचा अर्ज झाला नसेल, तर नव्या नावाने काहीच सापडणार नाही. शोध प्लॉट नंबरवरून आणि जुन्या नावाने घ्या.

प्लॉट नंबर गेटवरच असतो. तिथेच पर्यावरणाच्या माहितीचा फलकही बघा. घातक रसायनं आणि कचरा हाताळणाऱ्यांनी तो लावावा असा सर्वोच्च न्यायालयाचा 2003 चा आदेश आहे, आणि त्यावर बऱ्याचदा संमतीचा क्रमांक आणि मुदत लिहिलेली असते. फलकाचा फोटो रस्त्यावरून काढा, तारीख दिसेल असा.

जुनं नाव कळलं की आधी मंडळाच्या साइटवर संमती शोधा, ईसी नंतर. संमतीच्या अटींमध्ये ईसीचा क्रमांक आणि तारीख बहुधा लिहिलेली असते. तो मिळाला की परिवेशवर नावाशी झुंजायची गरज उरत नाही. केंद्राची जुनी औद्योगिक फाइल J-11011 ने सुरू होते, राज्याची हल्लीची SIA/MH ने. परिवेश 2018 चं आहे, त्यामुळे त्याआधीच्या फायली तिथे अर्धवट असू शकतात.

आणखी एक. ईसीधारकाला दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. त्याच्या शेवटच्या जोडपत्रांमध्ये चालू संमतीची प्रत बऱ्याचदा असते. विस्ताराचा ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल मिळाला तर त्यातही जुन्या संमत्या लावलेल्या असतात. मंडळाच्या साइटवर न मिळालेला कागद मला या जोडपत्रांत मिळालेला आहे.

दहारुपये
एवढं खोदत बसण्यापेक्षा माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये, तीस दिवस, सगळं सहीशिक्क्यासह.

फाइलवाचक
सोमवारच्या सभेला तीस दिवसांचा काय उपयोग? शिवाय कंपनीला त्रयस्थ पक्ष म्हणून विचारत बसतील, मग आणखी लांबेल. पाणी कायद्याच्या कलम 25(6) नुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची आणि त्या सांडपाण्याची झळ लागणाऱ्या व्यक्तीला ती बघू द्यायची आहे. हवा कायद्यात तेच कलम 51 ला आहे. ताईंची विहीर शेजारी आहे, त्या बाधितच आहेत. उप-प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, दोन्ही कलमं लिहा, पोच घ्या.

दहारुपये
कलम कागदावर ठीक आहे. खिडकीवरचा माणूस म्हणतो, अशी वही आमच्याकडे नाही. माहिती अधिकारात नकार दिला तर तो लेखी द्यावा लागतो आणि वर अपील करता येतं. मी हाच रस्ता धरेन.

फाइलवाचक
दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या. एकाने दुसऱ्याला अडथळा येत नाही.

बांधावरची
जुन्या नावाने मंडळाच्या साइटवर संमती मिळाली! प्लॉट नंबर जुळतो. त्यात 2016 च्या ईसीचा क्रमांक आहे आणि त्यावरून ईसीचं पत्रही मिळालं. पण आकडे जुळत नाहीत. ईसीत लिहिलंय, सध्या महिना 40 टन, विस्तारानंतर 100 टन. संमती फक्त 40 टनांची, सांडपाणी दिवसाला 30 घनमीटर. आणि तिची मुदत गेल्या मार्चअखेर संपलीय. यातलं खरं काय धरायचं?

रोखठोक
मुदत संपली म्हणजे बंद करायला लावा. मी आधीच म्हटलं होतं.

फाइलवाचक
दोन्ही कागद खरे आहेत. 100 टन ही ईसीने घातलेली वरची मर्यादा. प्रत्यक्ष चालवायला मुभा संमतीत लिहिलंय तेवढीच, म्हणजे 40 टन. विस्ताराचा कंसेंट टू ऑपरेट निघेपर्यंत एकेचाळिसावा टनसुद्धा परवानगीबाहेरचा. म्हणून सभेत "परवानगी नाही" असं म्हणू नका. "किती काढता आणि किती पाणी सोडता" असं विचारा आणि फॉर्म 5 ची प्रत मागा. हे पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यावं लागतं. त्यात पाण्याचा वापर आणि कचऱ्याचे आकडे कंपनीच्याच हातचे असतात. 40 टनांच्या मानाने पाणी फार दिसलं, तर बोलायला जागा आहे.

दोन मुदतींची गल्लतही करू नका. ईसीची मुदत प्रकल्प उभा करण्यासाठी असते, संमतीची चालवण्यासाठी.

कायदाकट्टा
संपलेल्या संमतीबद्दल जपून. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत केला असेल, तर कंपनी पाणी कायद्याचं कलम 25(7) पुढे करेल: परिपूर्ण अर्जावर चार महिन्यांत निर्णय नाही, तर संमती दिली असं मानलं जातं. नूतनीकरणाला ते कितपत लागू होतं यावर वाद घालता येतो. नोंदवही बघताना अर्जाची तारीख आणि त्रुटीपत्र निघालं का, हे आधी टिपा. रोखठोक, लवादाकडेही हाच प्रश्न पहिला येईल.

रोखठोक
तारीख मिळाली तर मीही बघतो. पण विहिरीच्या पाण्याचा नमुना मंडळाच्या माणसाकडून, पंचनाम्यासह घ्या. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल ते मानत नाहीत.

फाइलवाचक
नमुना मंडळाने घ्यावा हे बरोबर. पण खासगी अहवाल निरुपयोगी नाही, तक्रारीला जोडता येतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा निवडा, एवढंच.

पावडरकोटिंगवाला
ऑरेंज-ग्रीनचं कोणी सांगेल का?

बांधावरची
गेटवर फलक आहे, पण संमतीच्या जागी जुनाच क्रमांक आहे आणि मुदतीची ओळ कोरी आहे. फोटो काढलाय. उद्या कार्यालयात दोन्ही अर्ज देते. नोंदवहीच्या अर्जात प्लॉट नंबर, जुनं नाव, नवं नाव असं तिन्ही लिहू ना?

फाइलवाचक
तिन्ही लिहा, आणि संमतीचा क्रमांकही.